रात्री थांबलेली कंबर पहाटे का धरते?

डॉक्टर, नमस्कार. मी हर्णै बंदरावर बोटीवर तांडेल आहे, वय 43. जाळं ओढून ओढून कंबर कामातून गेली आहे. पूर्वी रात्री घरी आल्यावर नाइंटी घेतली की भागायचं, आता क्वार्टर लागते तेव्हा झोप येते. पहाटे तीन-चारला कंबर परत धरते, मग मेडिकलमधली डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन बोटीवर जातो. मागे दाढ ठणकली तेव्हा रमचा बोळा धरला होता, चार दिवसांत दाढ गप्प झाली. घरची म्हणते, दारूनेच तुमची कंबर वाढली. पण गेल्या गणपतीत पाच दिवस थेंब घेतला नाही, तर कंबर अशी धरली की आरतीला उभं राहवेना, हातसुद्धा कापत होते. सहाव्या दिवशी घेतली आणि बरं वाटलं. मग दारूने दुखणं वाढतं हे खरं कसं मानू?
— एक तांडेल, ता. दापोली

दादा, तुमचा अनुभव खोटा नाही. दारूने दुखणं कमी होतं, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. निरोगी माणसांना दारू देतात, मग हाताला ठरावीक चटका किंवा दाब देऊन किती दुखतंय ते विचारतात. रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असलं की दुखणं चांगलंच उतरतं. पण हा आकडा किती मोठा आहे ते बघा. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर गुन्हा होतो. म्हणजे दुखणं दबण्याइतकी दारू पोटात असलेल्या माणसाने स्कूटरला हात लावू नये, आणि ओल्या डेकवर तर उभंच राहू नये. त्यातही हे प्रयोग एकेका दिवसाचे असतात. तुम्ही ती वर्षानुवर्षं रोज रात्री घेताय, आणि रोज घेणाऱ्यात हेच गणित उलटं होतं.

ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. दारू कंबरेत काहीच करत नाही. आखडलेला स्नायू आखडलेलाच राहतो, मणक्यांमधली झिजलेली गादी झिजलेलीच राहते. जे काही होतं ते मेंदूत आणि मज्जारज्जूत. तिथे मज्जातंतूंना शांत करणारं एक रसायन असतं, त्याला गाबा म्हणतात, आणि त्यांना चेतवणारं दुसरं असतं, ते ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. कंबरेतून निघालेली कळ वर पोचते, पण तिची दखल घेणारे मज्जातंतू मंदावलेले असतात. कळ जाणवलीच तरी तिचा त्रास वाटत नाही, कारण काळजी करणारा भागही सुस्तावलेला असतो.

रोज रात्री हे व्हायला लागलं की मेंदू स्वतःहून तोल सावरायला लागतो. शांत करणारी बाजू तो कमी करतो, चेतवणारी वाढवतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची धार जोरात असेल तर बोट जागेवर राहावी म्हणून तुम्ही इंजिनाचा जोर वाढवता, तसं हे आहे. समजा ती धार एकाएकी थांबली आणि इंजिन तेवढंच चालू राहिलं, तर बोट पुढे उसळेल. दारू रक्तातून उतरते तेव्हा हेच घडतं. दाबणारी दारू निघून गेलेली असते, चेतवलेले मज्जातंतू मात्र तसेच असतात, आणि तीच जुनी कळ आता फार मोठी होऊन जाणवते. कुशीवर वळलं तरी चमक भरते, अंथरूण टोचतं, छातीत धडधड होते, उगाच भीती वाटते. नाइंटीची क्वार्टर याच कारणाने झाली. मेंदूने जेवढा जोर वाढवला, तेवढी जास्त दारू त्याला दाबायला लागली.

आता तुमच्या पहाटेचा हिशेब मांडू. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. रम-व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात नुसतं अल्कोहोल सुमारे 77 मिलिलिटर, वजनात साधारण 60 ग्रॅम. यकृत तासाला अंदाजे 7 ते 10 ग्रॅम निपटवतं, रोज घेणाऱ्याचं थोडं जास्तही. रात्री आठला पहिला पेग घेतलात तर पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान रक्तातली दारू संपते. तुमची कंबर तीन-चारला धरते. दिवसभराचं ओझं तर तुम्ही संध्याकाळीच उतरवलेलं असतं. पहाटे कंबरेने नवं काही केलेलं नसतं, त्या वेळी फक्त दारू उतरलेली असते.

झोपेचंही तसंच. दारू डोळा लवकर लावते, पण तेवढंच. उत्तररात्री झोप मोडत राहते, घशाला कोरड पडते, लघवीला उठावं लागतं, घोरणं वाढतं. आणि ज्याची झोप अशी तुकड्यातुकड्यांची होते त्याला दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त दुखतं. यात दारूचा संबंध असो वा नसो, कुणाचीही झोप सलग काही रात्री मोडली तर हे होतं. तुम्ही मोडक्या झोपेवर जाळं ओढता, कंबर आणखी आखडते, आणि रात्री ती दाबायला पुन्हा क्वार्टर लागते.

गणपतीतल्या त्या पाच दिवसांचा अर्थ तुम्ही लावलात तो कुणीही लावला असता, पण तो बरोबर नाही. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवलं की चेतवलेले मज्जातंतू मोकाट सुटतात. हात कापतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते, आणि अंगातलं जे दुखरं असेल ते सगळं वर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि साधारण आठवड्यात बराच ओसरतो. झोपेची घडी नीट बसायला आणि दुखण्याची वाढलेली जाणीव खाली यायला मात्र काही आठवडे लागतात. तुम्ही नेमके सगळ्यात वाईट पाच दिवस पाहिलेत आणि त्यांवरून निकाल दिलात. सहाव्या दिवशी जी दारू घेतलीत तिने कंबर बरी केली नाही, तिने दारू तुटल्याचा त्रास थांबवला. हात कापत होते, हे वाक्य तुम्ही ओघात लिहिलं आहे, पण तुमच्या पत्रात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्यावरूनच मी पुढे सांगणार आहे की तुम्ही पुन्हा घरच्या घरी एकदम बंद करू नका.

त्याआधी दाढ. रमचा बोळा ठेवल्यावर चार दिवसांत दाढ गप्प झाली, ती बरी झाली म्हणून नाही. कीड दाढेच्या आत, नसेपर्यंत गेली की नस सुजते. दाढेच्या कठीण भिंतींमध्ये सूज पसरायला जागा नसते, म्हणून ती ठणकते. बोळ्यातली रम तिथवर पोचत नाही. ती हिरडी थोडा वेळ बधिर करते आणि जास्त वेळ ठेवली तर हिरडी भाजून पांढरी पडते. काही दिवसांनी आतली नस मरते आणि ठणका थांबतो. जंतू मात्र मरत नाहीत, ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो. तुमच्या दाढेचं असं झालं आहे का, हे तुम्हाला घरी थोडंफार ओळखता येईल. ती दाढ शेजारच्यांपेक्षा काळपट झाली आहे का? कडक चावलं की तिथे दबल्यासारखं दुखतं का? तिच्या बुंध्याशी हिरडीवर पुटकुळी येऊन मधूनच खारट, घाण चवीचं पाणी सुटतं का? यातलं एक जरी असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे छोटा एक्स-रे काढून रूट कॅनल करायची की दाढ काढायची ते ठरवा. तिथे रोज किती घेता ते खरं सांगा. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, त्यामुळे यकृत बिघडलेलं असेल तर दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, आणि हे आधी कळलं तर तपासणी करून घेता येते. दाढेच्या जंतुसंसर्गावर अनेकदा मेट्रोनिडाझोल देतात. तिच्याबरोबर आणि ती संपल्यावर पुढचे तीन दिवस दारू घेऊ नका, काहींना त्याने उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होतो.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकायची नसते. जबड्याखाली किंवा मानेकडे सूज उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, आवाज बदलला किंवा बरोबर ताप आला, तर तो पू गळ्याच्या बाजूला पसरतो आहे आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी बोळा, लवंग, गोळी काही करत बसू नका, 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. वर्षानुवर्षं दारू घेणाऱ्याची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते, म्हणून त्याच्यात हे जास्त झपाट्याने पसरू शकतं.

आता पुन्हा कंबरेकडे. तुम्ही जिला कंबर म्हणता ती कंबरच आहे का, हे कुणी तपासलं आहे असं पत्रावरून दिसत नाही. रोज दारू घेणाऱ्यांत दोन दुखणी कंबरेच्या नावाखाली लपतात. पहिलं खुब्याचं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जिथे खुब्यात बसतो, तिथला रक्तपुरवठा दारूने तुटू शकतो आणि तो गोळा आतून हळूहळू खचत जातो. हे दुखणं जांघेत, कुल्ल्यात, मांडीत जाणवतं, पाय आत वळवला की कळ येते, आणि सुरुवातीची खूण म्हणजे मांडी घालून किंवा उकिडवं बसता येत नाही. आरतीला उभं राहवेना असं तुम्ही लिहिलंत. जेवायला पंगतीत मांडी घालून बसता येत होतं का, ते आठवून बघा. बसता येत नसेल तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवा, आणि त्यात दिसलं नाही तरी शंका राहिली तर एमआरआय. लवकर सापडलं तर सांधा वाचवण्याचे काही उपाय असतात, उशीर झाला की सांधा बदलण्यापलीकडे फारसं हातात राहत नाही.

दुसरं स्वादुपिंडाचं. दारूने स्वादुपिंडाला सूज आली की वरच्या पोटात दुखतं आणि ते आरपार पाठीत जातं. जेवल्यावर वाढतं, उताणं पडलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटतं, बरोबर मळमळ-उलटी असते. असं दुखणं दारूने दाबायला जाणं म्हणजे ज्याने सूज आली तेच पुन्हा पोटात घालणं. जोराने आलं तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं लागतं.

पायांकडेही लक्ष द्या. अनेक वर्षं दारू आणि जेवणाकडे दुर्लक्ष असं चाललं की तळपायांच्या नसा मरत जातात. आधी मुंग्या येतात, मग रात्री तळवे जळजळतात, पुढे पायात चप्पल आहे की नाही ते कळत नाही. लोक त्याला सायटिका समजतात. फरक असा की सायटिकाची कळ सहसा एकाच पायात कुल्ल्यापासून खाली उतरते, आणि दारूने बिघडलेल्या नसांची जळजळ दोन्ही तळव्यांपासून सारखी वर चढते.

पहाटे उठवणारी कंबर दरवेळी दारूमुळेच असते, असंही नाही. मणक्याचा क्षयरोग, मणक्यांच्या सांध्यांचा दाह यांतही उत्तररात्री दुखून जाग येते. वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, किंवा सकाळी कंबर तासभर ताठ राहून चालल्यावर मोकळी होत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि बैठकीच्या जागेची जाणीव गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल उचलता येईना झालं, तर मणक्यातली नस दबली आहे, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

डायक्लोफिनॅकबद्दल मला जास्त काळजी वाटते. ही गोळी जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करते, दारू तेच अस्तर सोलते, आणि तुम्ही ती पहाटे उपाशीपोटी, रात्रीच्या दारूवर घेता. यातून जठरात जखम होऊन रक्त वाहू शकतं, तेही पोटात विशेष न दुखता. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच रुग्णालयात जायचं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या गोळ्यांचंही असंच. पॅरासिटामॉल जठराला सौम्य आहे, पण रोज दारू घेणाऱ्याच्या यकृतात तिच्यापासून विषारी घटक जास्त तयार होतो आणि तो निवारणारा साठा कमी झालेला असतो. अशा माणसाला डॉक्टर सहसा दिवसाला 2 ग्रॅमच्या आतच, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांच्या आत ठेवतात, आणि यकृताची तपासणी बघून तेही कमी करतात. ट्रॅमाडॉल, प्रेगॅबालिन किंवा झोपेच्या गोळ्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. आणि नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या कुणी हमखास गुण म्हणून देत असेल तर त्या बंद करा. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि खुब्याचा रक्तपुरवठा तोडण्यात दारूच्या जोडीला तेच असतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढचं सांगतो, कारण कंबरेवरचे खरे उपचार दारू थांबल्याशिवाय लागू पडणार नाहीत. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि पहाटे उठून कुठे जायचं नसतं. हाच काळ बहुतेक घरांत दारू वाढण्याचा असतो, म्हणून तो हातात असतानाच पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. समुद्रावर दारू मिळणार नाही, मग आपोआप सुटेल, असा विचार करून काही खलाशी लांबच्या फेरीवर असताना सोडतात. तसं कधीही करू नका. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप-घामाने जीवही जाऊ शकतो. किनारा कित्येक तासांवर असताना डेकवर फिट आली तर कुणी काहीच करू शकत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर हात कापल्याचं आधी सांगा. यापूर्वी कधी फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर ते लपवू नका, अशा वेळी भरती होऊनच सोडावी लागते. नसेल तर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध पहिल्या दिवशी पुरेशा मात्रेत देऊन रोज थोडं कमी करत साधारण आठवडाभरात बंद करतात. हे औषध मोकाट सुटलेल्या मज्जातंतूंना शांत ठेवतं, म्हणून गणपतीत झाला तसा त्रास होत नाही. ते स्वतः मेडिकलमधून आणून घेऊ नका, आणि त्यावर दारू घेऊ नका. बरोबर थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, गरज असेल तर सुरुवातीला इंजेक्शनने. हे औषध तळव्यांच्या नसांसाठी आणि मेंदूसाठीही लागतं. तोवर एकदम बंद करू नका, पण रोजचं माप वाढवूही नका, आधी जेवा, आणि डायक्लोफिनॅक थांबवा.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात सुरुवात करता येईल. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालय या नावाने संकोच वाटतो, पण दारू सोडवण्याचं औषधपाणी हे मानसोपचारतज्ज्ञांच्या रोजच्या कामातलं आहे. फोनवर आधी विचारायचं असेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि टेलिमानस 14416 या दोन्हींवर पैसे पडत नाहीत.

कंबरेवर काम त्याच दोन महिन्यांत सुरू करायचं. पडून राहू नका, पडून राहिल्याने कंबर जास्त आखडते. रोज सपाट वाळूवर चाला, संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटं शेका, आणि फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे, कुल्ल्यांचे आणि पाठीचे व्यायाम शिकून घ्या. जुन्या कंबरदुखीत व्यायामाचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या सुमारास तुम्हाला फरक कळायला हवा. हंगाम सुरू झाल्यावर भरलेला क्रेट अंगाजवळ धरून, गुडघ्यांत वाकून उचला, आणि बर्फाचा क्रेट दोघांनी मिळून उचला. तांडेल तुम्ही आहात, ही शिस्त तुम्ही लावलीत तर बोटीवरचे बाकीचेही पाळतील.

तुम्हाला पुरावा हवा आहे, तो तुमच्याच कंबरेतून मिळवा. दिनदर्शिकेवर रोज दोन आकडे लिहा. जाग आल्यावर दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि रात्री झोपताना किती. दारू थांबण्याआधीचा एक आठवडाही लिहा, नाहीतर तुलना होणार नाही. पहिल्या आठवड्यातले आकडे वाईट येतील, ते निकालात धरू नका. चौथ्या आठवड्यातले पहाटेचे आकडे सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून बघा, मग आठव्या आठवड्यातले. दुखणं शून्यावर येईल असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं जाळं ओढलेल्या कंबरेत काही झीज असणारच. पण उरेल ते कंबरेचं स्वतःचं दुखणं असेल, आणि त्यावर औषध, व्यायाम, लागलं तर मणक्याच्या डॉक्टरांचा सल्ला, हे सगळं नीट लागू करता येईल. चार आठवड्यांत पहाटेचा आकडा हललाच नाही, तर कारण दुसरं आहे असं समजून मणका आणि खुबा दोन्ही पुन्हा तपासून घ्या.

दवाखान्यात जाताना वहिनींना बरोबर न्या. तुम्ही किती घेता, झोपेत घोरताना श्वास अडतो का, गणपतीत हात कितव्या दिवशी कापायला लागले, रात्री काही असंबद्ध बोललात का, हे तुमच्यापेक्षा त्यांना नीट सांगता येईल, आणि औषधाची मात्रा डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. डायक्लोफिनॅकची रिकामी पाकिटं आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या.